व्हिडिओ किंवा खरेदीच्या सदस्यत्वासोबत मिळणारी गाणी सुरू कशी करावीत: जुन्या खात्यातल्या याद्या न गमावता

यूट्यूब प्रीमियम घेतलं की यूट्यूब म्युझिक प्रीमियम त्यातच येतं. वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. कधी हे सदस्यत्व थेट यूट्यूबकडून घेतलेलं असतं, तर कधी दुसऱ्या सदस्यत्वासोबत भेट म्हणून आलेलं असतं. फ्लिपकार्टने २०२५ मध्ये आणलेल्या ब्लॅक सदस्यत्वात वर्षभराचं यूट्यूब प्रीमियम होतं, तसंच. हे सुरू करणं वाटतं तितकं अवघड नाही. दोन-तीन बटणं दाबली की झालं. अडचण होते ती या दोन-तीन बटणांच्या आधी काय बघायचं हे कुणी सांगत नाही म्हणून. घाईत बटण दाबलं की प्रीमियम एका खात्यात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं जमवलेली गाणी राहतात दुसऱ्याच खात्यात. मग म्युझिक ॲप उघडलं की ते परत पैसे मागतं आणि आपण बुचकळ्यात पडतो.

आमच्या घरात, नात्यागोत्यात आणि शेजारपाजारी बऱ्याच जणांची ही जोडणी मी करून दिली आहे. तो सगळा क्रम इथे लिहितो आहे. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं आपोआप समजेल. प्रीमियम फोनला मिळत नाही, घराला मिळत नाही, मोबाइल नंबरलाही मिळत नाही. ते एका गूगल खात्याला मिळतं, आणि एकदा मिळालं की दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही. म्हणून खातं आधी ठरवायचं आणि पैसे नंतर भरायचे.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- घरातल्या सगळ्या जीमेल पत्त्यांची यादी. टीव्हीवर कोणतं खातं चालू आहे तेही लिहा.
- त्या खात्यांचे पासवर्ड, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन.
- संगणक किंवा लॅपटॉप. फोनवरही सगळं होतं, पण कोणत्या खात्यात आहोत हे मोठ्या पडद्यावर नीट दिसतं.
- सदस्यत्व भेट म्हणून आलं असेल तर त्याची लिंक किंवा कोड, आणि सोबतच्या अटी. कोड कधीपर्यंत वापरायचा ती तारीख वहीत लिहून ठेवा.
- घरात आयफोन असेल तर तोही. कारण तिसऱ्या पायरीत कळेल.

## पायरी १: नक्की काय मिळतंय ते वाचा

नावं सारखी असल्यामुळे इथेच गोंधळ सुरू होतो. यूट्यूबच्या तीन योजना आहेत. यूट्यूब प्रीमियममध्ये व्हिडिओ आणि गाणी दोन्ही जाहिरातींशिवाय मिळतात. यूट्यूब म्युझिक प्रीमियममध्ये फक्त म्युझिक ॲपमधली गाणी येतात, मुख्य यूट्यूबवर जाहिराती लागतातच. प्रीमियम लाइट ही सगळ्यांत स्वस्त योजना, भारतात २०२५ मध्ये महिना ८९ रुपयांनी आली. तिच्यात बहुतेक व्हिडिओंच्या जाहिराती जातात, पण गाण्यांच्या जात नाहीत. म्युझिक प्रीमियम तिच्यात नाही. "आम्ही प्रीमियम घेतलंय तरी गाण्याला जाहिरात येते" अशी तक्रार ऐकली की मी आधी लाइट तर नाही ना हे बघतो.

भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये दर वाढले. एकट्याचं प्रीमियम महिना १२९ रुपयांवरून १४९ झालं, कुटुंबाचं १८९ वरून २९९, आणि नुसतं म्युझिक प्रीमियम ९९ वरून ११९. पुढची उदाहरणं मी याच दरांवर मांडली आहेत. तुम्ही भरताना पडद्यावर जो दर दिसेल तो धरा.

हे आकडे सोबत ठेवण्याचं कारण साधं आहे. तुम्ही आधीपासून म्युझिक प्रीमियमचे ११९ रुपये भरत असाल आणि आता पूर्ण प्रीमियम घेतलंत, तर ते ११९ पुढे भरण्याची गरज नाही. पण दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत असतील तर यूट्यूबला ते कळत नाही. दोन्हीकडून पैसे शांतपणे कापले जात राहतात.

## पायरी २: तुमची गाणी नेमकी कोणत्या खात्यात आहेत ते शोधा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून जरा सावकाश करा.

एका फोनवर तीन-तीन गूगल खाती असणं आता नेहमीचं आहे. एक जुनं, एक कामाचं, एक मुलाच्या शाळेसाठी उघडलेलं. यूट्यूब ॲप आणि यूट्यूब म्युझिक ॲप ही दोन वेगळी ॲप आहेत आणि कोणतं खातं चालू आहे हे प्रत्येक ॲप आपापलं लक्षात ठेवतं. त्यामुळे एकाच फोनवर यूट्यूब एका खात्यात आणि म्युझिक दुसऱ्या खात्यात असं सहज होतं, आणि वरवर पाहता ते कळतही नाही.

म्युझिक ॲप उघडा, उजवीकडे वरच्या गोल चित्रावर बोट ठेवा आणि तिथे दिसणारा पूर्ण ईमेल पत्ता वाचा. नाव वाचून थांबू नका, कारण तुमच्या तिन्ही खात्यांना तुमचंच नाव असतं. मग `Library` मध्ये जाऊन याद्या बघा. त्या दिसल्या तर तो पत्ता जीमेल पत्त्यांच्या यादीत "गाण्यांचं खातं" म्हणून नोंदवा. दिसल्या नाहीत तर `Switch account` दाबून दुसऱ्या खात्यात बघा.

इथे एक छुपी जागा आहे. एकाच गूगल खात्याखाली एकापेक्षा जास्त चॅनल असू शकतात. कधीकाळी रेसिपीचे व्हिडिओ टाकायला किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी चॅनल उघडलं असेल, तर त्या चॅनलची लायब्ररी वेगळी आणि तुमची स्वतःची वेगळी. याद्या गायब झाल्यासारख्या वाटल्या तर `Switch account` मध्ये ईमेलच्या खाली चॅनलांची नावंही दिसतात, त्यांतही डोकावा. याद्या बहुधा तिथेच सापडतात.

स्वतः चढवलेली गाणीही बघून घ्या. यूट्यूब म्युझिकमध्ये आपल्याकडच्या एमपी३ वगैरे फायली संगणकावरून `music.youtube.com` वर चढवता येतात, एका खात्यात एक लाखापर्यंत. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं, घरच्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण, गावच्या भजनी मंडळाचा आवाज अशा गोष्टी लोकांनी तिथे ठेवलेल्या असतात. या फायली फक्त त्याच खात्याला दिसतात. दुसऱ्या खात्याला देता येत नाहीत. एखाद्या खात्यात असं काही असेल तर माझ्या मते निर्णय तिथेच झाला. प्रीमियम त्याच खात्याला जोडा.

## पायरी ३: आत्ता कुठून कुठून पैसे जात आहेत ते बघा

यादीतल्या प्रत्येक खात्यातून एकेकदा हा पत्ता उघडा:

```
youtube.com/paid_memberships
```

त्या खात्यावर काय चालू आहे, पुढचा हप्ता कधी आणि तो कोणामार्फत कापला जातो हे तिथे दिसतं. ॲपमध्ये हेच `Purchases and memberships` या नावाखाली असतं.

आयफोनवरून ॲपमध्येच कधी "ट्राय" दाबलं असेल तर पैसे ॲपलमार्फत जात असतात, आणि तो दर थेट यूट्यूबच्या दरापेक्षा जास्त असतो. असं सदस्यत्व यूट्यूबच्या पानावरून बंद होत नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यांत वर आपल्या नावावर जा, तिथे `Subscriptions` आहे, त्यातून ते रद्द करावं लागतं. ॲप काढून टाकल्याने काहीही रद्द होत नाही. आणि ॲपलमार्फतचं म्युझिक प्रीमियम चालू असताना त्याच खात्यावर यूट्यूबकडून पूर्ण प्रीमियम घ्यायचं असेल, तर आधी ते रद्द करून त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. ती तारीख आणि भेटीच्या कोडची शेवटची तारीख शेजारी शेजारी मांडा. मुदत कोड बाद होण्याच्या आधी संपत असेल तर पुढचा हप्ता जाण्याआधी, आजच रद्द करायचं काम करा.

भेटीच्या सदस्यत्वाची अट वाचतानाही हेच डोक्यात ठेवा. आधीपासून प्रीमियम असलेल्या खात्यांना अशी सवलत अनेकदा नसते, किंवा चालू मुदत संपल्यावरच मिळते. "विद्यमान सदस्य" किंवा `existing subscribers` हे शब्द अटींमध्ये शोधा. ते दोन-तीन ओळींत असतात आणि बहुतेक लोक नेमकं तेच वाचायचं सोडतात.

## पायरी ४: एक प्रत काढून ठेवा

खरं सांगायचं तर प्रीमियम सुरू केल्याने किंवा बंद केल्याने याद्या पुसल्या जात नाहीत. त्या खात्याच्या असतात, सदस्यत्वाच्या नसतात. तरीही मी प्रत काढायला सांगतो. या गडबडीत माणूस जुनं खातंच "नको असलेलं" म्हणून काढून टाकतो, आणि ते परत मिळवणं फार कठीण जातं.

गाण्यांच्या खात्यातून `takeout.google.com` उघडा. आधी `Deselect all` दाबा, नाहीतर तुमचे फोटो आणि ईमेलसकट सगळंच बांधलं जाईल. मग खाली जाऊन फक्त `YouTube and YouTube Music` वर खूण करा. त्याच्या आत काय काय घ्यायचं हे निवडता येतं. याद्या, म्युझिकची लायब्ररी आणि चढवलेली गाणी घ्या. स्वतः टाकलेले व्हिडिओ नको असतील तर खूण काढा, फाइल बरीच लहान होते. काही वेळाने ईमेलवर लिंक येते. ती साधारण आठवडाभरच चालते, म्हणून आली की लगेच उतरवून घ्या.

फाइल उघडल्यावर दचकू नका. लायब्ररीच्या तक्त्यात गाण्यांची नावं असतात, पण याद्यांच्या तक्त्यात नावं नसतात. प्रत्येक गाण्याची अकरा अक्षरांची खूण तेवढी असते. ती खूण या पत्त्याच्या शेवटी जोडली की गाणं उघडतं:

```
https://www.youtube.com/watch?v=
```

म्हणजे याद्या खरोखर हातात आल्या आहेत, फक्त दिसायला वेगळ्या आहेत.

## पायरी ५: योग्य खात्यात उभं राहून जोडणी करा

चुकीच्या खात्यात प्रीमियम जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे ईमेलमधली किंवा मेसेजमधली लिंक. ती दाबली की ब्राउझर उघडतो, आणि त्यात जे खातं सगळ्यांत आधी लॉग-इन केलेलं असतं तेच पुढे येतं. ते ऑफिसचं असू शकतं, मुलाचं असू शकतं. पान मात्र दिसायला सगळीकडे सारखंच.

म्हणून लिंक थेट दाबू नका. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा. क्रोममध्ये ती `New Incognito window` या नावाने असते. तिथे कोणतंच खातं चालू नसतं. आधी `youtube.com` उघडून फक्त गाण्यांच्या खात्याने लॉग-इन करा. वर उजवीकडच्या चित्रावर टिचकी मारून ईमेल पत्ता मोठ्याने वाचा. मग लिंक कॉपी करून त्याच खिडकीत टाका. शेवटचं बटण दाबण्याआधी पानावर ईमेल पत्ता परत दिसतो का ते बघा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. पुढे ग्राहक सेवेशी बोलायची वेळ आली तर त्याच फोटोचा उपयोग होतो.

थेट यूट्यूबकडून घेत असाल तरी पद्धत हीच. फक्त पैसे कसे भरायचे ते आधी ठरवा. दर महिन्याला आपोआप कापले जाणारे १४९, किंवा एकदाच भरून संपणारी योजना. एकदाच भरायच्या योजनेत वर्षाचे १,४९० रुपये होते आणि ती आपोआप पुढे चालू होत नाही. ज्यांना आपोआप पैसे कापले जाण्याची धास्ती वाटते अशा ज्येष्ठांना मी दुसरी सुचवतो.

ज्या खात्यावर ११९ रुपयांचं म्युझिक प्रीमियम यूट्यूबमार्फतच चालू आहे, त्याच खात्यावर पूर्ण प्रीमियम घेत असाल तर काम सगळ्यांत सोपं. ही वरच्या योजनेत जाण्याची गोष्ट आहे. `paid_memberships` च्याच पानावरून पुढे जा. उरलेल्या दिवसांच्या पैशांचं काय होणार ते त्या पडद्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून मगच होकार द्या.

## पायरी ६: प्रीमियम आधीच दुसऱ्या खात्यात असेल तर

बहुतेक वाचक इथेच अडकलेले असतील, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडतो.

नाशिकला माझा आतेभाऊ आणि वहिनी राहतात. वहिनींच्या जुन्या जीमेलवर भावगीतांच्या आणि अभंगांच्या पुष्कळ याद्या, शिवाय त्यांच्या वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेली पदं चढवलेली. त्या म्युझिक प्रीमियमचे ११९ रुपये दर महिन्याला भरायच्या. भावाने टीव्हीसाठी वेगळं खातं काढलं होतं आणि त्यावर १४९ रुपयांचं प्रीमियम घेतलं. त्यात गाणी मिळतात हे कळल्यावर तो वहिनींना म्हणाला, "तुझं बंद कर, माझ्या खात्यातून ऐक."

वहिनींनी फोनवर त्याचं खातं लावलं. गाणी वाजली, जाहिराती नव्हत्या, पण त्यांचं काहीच तिथे नव्हतं. उलट दोन दिवसांत त्यांना सुचवण्यांमध्ये मुलाच्या गेमिंगचं संगीत आणि बातम्यांचे तुकडे दिसायला लागले, आणि टीव्हीवर अभंग. असं होतं कारण यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक एकाच खात्यात इतिहास, आवडलेली गाणी आणि याद्या वाटून घेतात. म्युझिकमध्ये केलेली यादी यूट्यूबवर दिसते, यूट्यूबवर आवडलं म्हणून खूण केलेलं गाणं म्युझिकमध्ये येतं, म्युझिकमध्ये एखाद्या गायकाला सबस्क्राइब केलं की ते चॅनल यूट्यूबवरही जोडलं जातं. एक खातं दोघांनी वापरलं की दोघांचंही बिघडतं.

आम्ही कागद घेऊन बसलो. महिन्याला ११९ आणि १४९, मिळून २६८ रुपये जात होते. दोन रस्ते होते.

पहिला रस्ता असा की भावाने टीव्हीच्या खात्यावरचं प्रीमियम बंद करायचं, वहिनींनी आपल्या खात्यावर पूर्ण प्रीमियम घ्यायचं आणि टीव्हीवर वहिनींचं खातं लावायचं. खर्च १४९. पैसे वाचतात, पण टीव्हीवर जो जे बघेल ते वहिनींच्या इतिहासात जाणार. टीव्हीवरच्या खात्याचा इतिहास थांबवता येतो, पण तो थांबवला की वहिनींच्या गाण्यांचाही थांबतो. त्यांना ते नको होतं.

दुसरा रस्ता कुटुंब योजनेचा, २९९ रुपयांचा. म्हणजे चालू खर्चापेक्षा फक्त ३१ रुपये जास्त. योजना घेणारा एक आणि सोबत पाच, असे सहा जण. प्रत्येकाचं खातं त्याचंच राहतं, लायब्ररी आणि सुचवण्या आपापल्या, एकमेकांना दिसत नाहीत. वहिनींच्या याद्या जागच्या जागी राहून त्यांना प्रीमियम मिळालं आणि मुलालाही. एका घरात दोघंतिघं ऐकणारे असतील तर मी हाच रस्ता सांगतो.

मात्र त्याच्या अटी कडक आहेत. सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत, आणि यूट्यूब दर ३० दिवसांनी ते तपासतं. पुण्यात शिकणारा भाचा आणि नागपूरची मावशी यांना एकत्र बांधायला ही योजना नाही. एका वेळी एकाच कुटुंब गटात राहता येतं, आणि गट बदलला की पुढचे १२ महिने परत बदलता येत नाही. वहिनींच्या भावाने पूर्वी त्यांना आपल्या गूगल कुटुंब गटात घेतलेलं होतं, ते आधी `families.google.com` वर बघावं लागलं. तुम्हीही बघा. वर्षापूर्वी फोटोंची जागा वाटून घ्यायला कुणाच्या तरी गटात गेलेले असता आणि विसरलेले असता. ऑफिसचं किंवा कॉलेजचं गूगल खातं कुटुंब गटात चालत नाही.

बोलावणं ईमेलने येतं आणि तिथेही लिंकचा तोच धोका आहे. वहिनींचं बोलावणं आम्ही खाजगी खिडकीत, त्यांच्या गाण्यांच्या खात्याने लॉग-इन करूनच स्वीकारलं.

भेट म्हणून आलेलं सदस्यत्व मात्र एकट्याचं असतं, ते कुटुंबात वाटता येत नाही. ते चुकीच्या खात्यात गेलं असेल आणि बदलून मिळत नसेल, तर याद्या त्या खात्यात आणणं एवढाच मार्ग उरतो. जुन्या खात्यात यादी उघडून तिची गोपनीयता `Unlisted` करा आणि लिंक स्वतःलाच पाठवा. नव्या खात्यातून ती म्युझिकमध्ये उघडा. इथे नुसतं लायब्ररीत जोडू नका, कारण ती यादी जुन्या खात्याचीच राहते आणि ते खातं गेलं की तीही जाते. तीन ठिपक्यांमधून `Save to playlist` निवडा आणि नव्या खात्यात केलेल्या यादीत सगळी गाणी घ्या. आता ती तुमची. चढवलेल्या फायली मात्र अशा येत नाहीत. टेकआउटमधून उतरवलेल्या फायली नव्या खात्यात परत चढवाव्या लागतात.

## पायरी ७: खरंच लागू झालंय का

वरच्या कोपऱ्यात यूट्यूबच्या चिन्हाशेजारी `Premium` दिसतं का ते बघा. मग फोनवर म्युझिक ॲपमध्ये जाऊन परत एकदा ईमेल पत्ता वाचा, एक गाणं लावा आणि पडदा बंद करा. गाणं चालू राहिलं, आणि डाउनलोडचं बटण दाबल्यावर पैसे न मागता गाणं उतरलं, तर काम झालं. यूट्यूबवर प्रीमियम दिसतंय पण म्युझिक पैसे मागतंय, याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच निघतो: दोन ॲपांत दोन वेगळी खाती चालू आहेत. खातं बदला. नवीन काही विकत घेऊ नका.

डाउनलोडबद्दल इतकं सांगतो, की यूट्यूबमध्ये उतरवलेलं म्युझिकमध्ये दिसत नाही आणि म्युझिकमधलं यूट्यूबमध्ये नाही. दोन्ही वेगळं करावं लागतं. आणि ३० दिवसांत एकदा तरी फोन इंटरनेटला लागला पाहिजे, नाहीतर उतरवलेलं वाजत नाही. जहाजावर किंवा नेटवर्क नसलेल्या साइटवर काम करणाऱ्यांनी निघायच्या आदल्या दिवशी ॲप एकदा उघडून घ्यावं.

## पायरी ८: जुनं बंद करा, पण सगळ्यांत शेवटी

तिसऱ्या पायरीतलं ॲपलमार्फतचं सदस्यत्व सोडलं तर, सातवी पायरी नीट पार पडल्याशिवाय जुनं सदस्यत्व रद्द करू नका. रद्द केलं तरी भरलेली मुदत संपेपर्यंत ते चालतं, त्यामुळे हप्त्याच्या आठवडाभर आधी केलं तरी नुकसान नाही. कुटुंब योजनेत गेल्यावर आपलं स्वतंत्र सदस्यत्व आपोआप गेलं असेल असं गृहीत धरू नका. `paid_memberships` चं पान परत उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

क्रम असा ठेवा: आधी यूट्यूबवर किंवा ॲपलच्या सेटिंग्जमध्ये सदस्यत्व रद्द, मग यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून त्याची परवानगी रद्द. नुसती यूपीआयची परवानगी काढली तर सदस्यत्व कागदोपत्री चालू राहतं आणि "पैसे भरता आले नाहीत" असे निरोप येत राहतात. कार्डावर किंवा यूपीआयवर आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जोडणीनंतरच्या पहिल्या महिन्यात ते मेसेज न वाचता पुसू नका. बंद केलेल्या सदस्यत्वाच्या नावाने मेसेज आला तर पैसे जायच्या आधी थांबवायला एक दिवस हातात असतो.

## ॲमेझॉन प्राइमवाल्यांसाठी

प्राइमसोबत ॲमेझॉन म्युझिक भारतात २०१८ पासून मिळतं आणि तिथे कोड वगैरे काही नसतो. प्राइम ज्या ॲमेझॉन खात्यावर आहे त्याच खात्याने म्युझिक ॲपमध्ये लॉग-इन करायचं, बस. तिथला घोळ वेगळा. अनेकांची ॲमेझॉनवर नकळत दोन खाती असतात, एक मोबाइल नंबरवर उघडलेलं आणि एक ईमेलवर. प्राइम नंबरच्या खात्यावर, म्युझिक ईमेलच्या खात्यावर, आणि ॲप म्हणतं प्राइम घ्या. खरेदीच्या ॲपमध्ये `Your Account` मधून `Login & security` उघडा, तिथे त्या खात्याचा नंबर आणि ईमेल दिसतो. नेमकं तेच म्युझिकमध्ये टाका. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं: `amazon.in` चं प्राइम आणि `amazon.com` चं प्राइम ही दोन वेगळी सदस्यत्वं आहेत. अमेरिकेतल्या मुलाने तिकडे घेतलेल्या प्राइमवर इथे आईबाबांच्या भारतातल्या खात्यावर गाणी सुरू होत नाहीत. त्यांच्यासाठी `amazon.in` वर, त्यांच्याच खात्यावर प्राइम घ्यावं लागतं.